हलत्या स्लाइड कागदावर उतरवताना: सीपीआर प्रशिक्षणाचं एक उदाहरण

प्रशिक्षण संपलं की कोणीतरी हमखास विचारतं, "याचे प्रिंट मिळतील का?" मग फाइल उघडून `Print` दाबलं जातं आणि कागदावर भलतंच काहीतरी येतं. एका स्लाइडवर दोन वाक्यं एकमेकांवर चढलेली असतात, दुसरीवर व्हिडिओच्या जागी काळा चौकोन असतो, तिसरीवर बाण आहे पण तो कुठून कुठे जात होता ते कळत नाही. वर्गात सगळ्यांना नीट समजलेली गोष्ट कागदावर गायब होते.

हे का होतं आणि कसं टाळायचं, ते एका उदाहरणावरून बघू. समजा, एका गृहनिर्माण सोसायटीत सुरक्षारक्षक आणि रहिवासी यांच्यासाठी सीपीआरचं प्रशिक्षण आहे. कोणी अचानक कोसळलं, हृदय थांबलं, तर रुग्णवाहिका येईपर्यंत छाती कशी दाबत राहायची, याचं. प्रेझेंटेशन पॉवरपॉइंटमध्ये केलंय, त्यात व्हिडिओ भरपूर आहेत आणि वॉचमनच्या केबिनमध्ये लावायला, घरी न्यायला त्याचा कागद हवाय. हे उदाहरण मुद्दाम घेतलंय, कारण सीपीआरमध्ये हालचाल हाच मजकूर आहे. किती खोल दाबायचं, किती वेगाने, दाबल्यावर हात किती वर येऊ द्यायचा, हे सगळं व्हिडिओ न बोलता सांगत असतो. तो थांबला की ते सांगणारं कोणी उरत नाही.

छापताना पॉवरपॉइंट नेमकं काय करतं

आपण स्लाइड तयार करत असताना, म्हणजे एडिट करताना, ती जशी दिसते तशीच पॉवरपॉइंट छापतं. अ‍ॅनिमेशनकडे ते बघतही नाही. तिसऱ्या क्लिकला येणारी गोष्ट आणि दुसऱ्या क्लिकला निघून जाणारी गोष्ट, दोन्ही एकदमच छापल्या जातात. एखादं चित्र डावीकडून उजवीकडे सरकत असेल तर ते कागदावर मूळ जागीच राहतं. एखादा शब्द क्लिक केल्यावर लाल होत असेल तर तो छापताना आधीच्याच रंगात येतो. व्हिडिओचं फक्त मुखचित्र छापलं जातं. ते वेगळं निवडलेलं नसेल तर पहिली फ्रेम येते आणि पुष्कळ व्हिडिओ अंधारातून उजळत सुरू होत असल्यामुळे ती काळी असते. जिफचंही असंच, एकच चित्र येतं.

कीनोट वापरणाऱ्यांना `Print each stage of builds` हा पर्याय मिळतो. पॉवरपॉइंटसाठी `PPspliT` नावाचं मोफत अ‍ॅड-इन आहे, ते अ‍ॅनिमेशनच्या टप्प्यांनुसार एका स्लाइडच्या अनेक स्लाइड करतं. घाई असेल तर दोन्ही उपयोगी आहेत. पण तेवढ्यावर थांबू नये असं माझं ठाम मत आहे. सहा मुद्दे एकेका क्लिकला येत असतील तर या पद्धतीने निदान सहा पानं छापली जातात आणि शेवटचं सोडून बाकीची निरुपयोगी असतात. शिवाय व्हिडिओचा प्रश्न तसाच राहतो, आणि आपल्या प्रेझेंटेशनचा जीव तर व्हिडिओतच आहे.

आधी प्रत्येक हालचालीला विचारायचं: तू काय सांगत होतीस?

म्हणून सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी स्लाइड शो एकदा सुरू करून कागद-पेन घेऊन बसावं आणि प्रत्येक हालचालीसमोर ती काय सांगत होती ते एका ओळीत लिहावं. बऱ्याच हालचाली काहीच सांगत नसतात. शीर्षक उडत येतं, चित्र फिरत येतं, एवढंच. त्या सोडून द्यायच्या. उरलेल्यांपैकी काही क्रम सांगतात, आधी हे मग ते. काही बदल सांगतात, म्हणजे आधी असं होतं, आता असं झालं. काही वेग किंवा कालावधी सांगतात. आणि काही नुसतं बोट दाखवतात, की इथे बघा.

क्रम आणि बोट दाखवणं या दोन गोष्टी कागदावर सहज येतात. आकडे घातले, एखादा भाग ठळक केला की काम झालं. आपल्या उदाहरणात 'काय करायचं' या स्लाइडवर चार ओळी एकामागून एक येतात: हाक मारून, खांदे हलवून बघा, श्वास बघा, 108 ला फोन करा आणि स्पीकर चालू ठेवा, छाती दाबायला लागा. इथे गोष्टी फक्त वाढत जातात, जात काहीच नाही. शेवटची अवस्था छापली तरी अर्थ पूर्ण राहतो. फक्त बुलेटच्या ठिपक्यांऐवजी 1, 2, 3, 4 असे आकडे घालायचे, कारण क्लिक जो क्रम दाखवत होतं तो आता आकड्यांनीच दाखवायचाय.

खरा त्रास पुढच्या स्लाइडवर आहे. तिथे मध्यभागी प्रश्न आहे: 'नीट श्वास घेतोय का?' पहिल्या क्लिकला खाली 'हो' ही चौकट येते, कुशीवर वळवा, लक्ष ठेवा वगैरे. दुसऱ्या क्लिकला ती निघून जाते आणि त्याच जागी 'नाही' ही चौकट येते, ताबडतोब दाबायला सुरुवात करा. पडद्यावर हे सुरेख दिसतं. कागदावर मात्र दोन्ही चौकटी एकमेकांवर छापल्या जातात आणि वाचता येतात ते शब्द उलटेच अर्थ देऊ शकतात.

अशा स्लाइडसाठी `Alt+F10` दाबून `Selection Pane` उघडावं. तिथे स्लाइडवरच्या प्रत्येक वस्तूचं नाव आणि शेजारी डोळ्याचं चिन्ह दिसतं. डोळा बंद केला की ती वस्तू छापली जात नाही. स्लाइडच्या दोन प्रती करून एकीत 'हो' झाकायचं, दुसरीत 'नाही' झाकायचं, हा सरळ मार्ग आहे. पण इथे त्याहून चांगला मार्ग आहे तो दोन्ही चौकटी शेजारी शेजारी मांडण्याचा, प्रश्नातून दोन बाण काढून. पडद्यावर जागा नव्हती म्हणून एक चौकट घालवून दुसरी आणावी लागत होती. कागदावर वाचणाऱ्याला दोन्ही वाटा एकदम दिसल्या तर त्याला निवड करायला सोपं जातं.

याच स्लाइडवर आणखी एक गोष्ट निसटते. प्रशिक्षक इथे बारा-पंधरा सेकंदांचा एक व्हिडिओ दाखवतात. हृदय थांबलेल्या माणसाला सुरुवातीला अधूनमधून आचके आल्यासारखा, घरघरणारा श्वास लागू शकतो आणि बघणाऱ्याला वाटतं की हा श्वास घेतोय. व्हिडिओत ते दिसतं आणि ऐकूही येतं. त्याची स्थिर फ्रेम काढली तर तिच्यात तोंड उघडं असलेला एक माणूस दिसेल, बस. इथे चित्र कितीही चांगलं काढलं तरी उपयोग नाही, इथे वाक्यच हवं: 'अधूनमधून आचके देत, घरघरत घेतलेला श्वास म्हणजे नीट श्वास नव्हे. अशा वेळी दाबायला सुरुवात करा.' हे वाक्य स्लाइडवर कुठेच नव्हतं, कारण प्रशिक्षक ते तोंडी सांगत होते. कागद करताना व्हिडिओइतकाच बोलणारा माणूसही जातो, हे सतत ध्यानात ठेवावं लागतं.

एका व्हिडिओची तीन चित्रं

आता मुख्य स्लाइड. छाती दाबण्याचा 40 सेकंदांचा व्हिडिओ, खाली एकही शब्द नाही. या व्हिडिओने काय काय सांगितलं ते लिहून काढलं तर यादी अशी होते: हात छातीच्या मध्यभागी, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर, दाब 5 ते 6 सेंटीमीटर, वेग मिनिटाला 100 ते 120, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, पण हात उचलायचा नाही. हे आकडे मोठ्या माणसासाठीचे आहेत, तेही कागदावर स्पष्ट लिहायला हवं.

यातल्या कोणत्या गोष्टी चित्रात मावतात? हातांची जागा मावते. कोपरं आणि खांदे मावतात. खोली अर्धवट मावते. वेग अजिबात मावत नाही. त्यामुळे माझ्या मते इथे तीन चित्रं लागतात: हातांच्या जागेचं जवळून घेतलेलं एक, दाब पूर्ण खाली गेल्याचं एक, आणि छाती पूर्ण वर आल्याचं एक. शेवटची दोन बाजूने घेतलेली हवीत.

ही चित्रं काढायची कशी? पॉवरपॉइंटमध्येच व्हिडिओ हव्या त्या क्षणी थांबवून `Video Format` मधल्या `Poster Frame` वर जाऊन `Current Frame` निवडता येतं, मग तीच फ्रेम छापली जाते. एकच चित्र हवं असेल तर हे पुरेसं आहे. तीन हवी असतील आणि नेमका क्षण पकडायचा असेल तर मूळ व्हिडिओ फाइलमधून फ्रेम काढणं बरं. `ffmpeg` नावाचं मोफत साधन ते एका ओळीत करतं:

```
ffmpeg -ss 14 -t 2 -i dab.mp4 -vf fps=25 f_%02d.png
```

म्हणजे चौदाव्या सेकंदापासून दोन सेकंदांचा तुकडा घे आणि सेकंदाला 25 या हिशेबाने त्याची चित्रं कर. एवढ्यात साधारण 50 चित्रं मिळतात. मिनिटाला 110 दाब असतील तर एका दाबाला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे प्रत्येक दाबाची तेरा-चौदा चित्रं हाती येतात. ती एकेक करून बघितली की एक छान गोष्ट दिसते. हात खाली जातानाच्या आणि वर येतानाच्या फ्रेम पुसट, फासल्यासारख्या असतात. अगदी तळाच्या आणि अगदी वरच्या फ्रेम मात्र स्वच्छ असतात, कारण दिशा बदलताना हात क्षणभर थांबलेला असतो. आपल्याला हव्या असलेल्या दोन अवस्था नेमक्या याच आहेत. कागदावर पुसट हात आला तर समजावं की मधलाच क्षण पकडला गेलाय, आणि त्या चित्रावरून खोली दाखवायला जाऊ नये.

खोली दाखवण्यासाठी तळाच्या चित्रावर, छाती वर असतानाची रेघ तुटक रेषेने काढावी आणि दोन पातळ्यांमध्ये दुतोंडी बाण घालून '5 ते 6 सें.मी.' लिहावं. हे जमायला कॅमेरा हललेला नसावा. हातात धरून केलेलं चित्रीकरण असेल तर दोन फ्रेममध्ये पार्श्वभूमीच सरकलेली असते आणि बाण खोटं सांगतो. जमिनीवरची फरशीची रेघ दोन्ही चित्रांत एकाच जागी आहे का, एवढं बघितलं की कळतं. नसेल तर बाण सोडून द्यावा आणि आकडा नुसता लिहावा. तसंही कागदावर छापलेलं अंतर म्हणजे प्रत्यक्षातले 5 सेंटीमीटर नव्हेत, त्यामुळे आकडा हवाच.

वेगाचं काय? 'मिनिटाला 100 ते 120' हे बरोबर आहे, पण घाबरलेल्या माणसाला त्याचा पटकन अंदाज येत नाही. व्हिडिओत तो ताल कानात बसत होता. कागदावर त्याच्या सर्वात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे घड्याळावर तपासता येईल असं वाक्य: 'मोठ्याने 30 पर्यंत मोजत दाबा. 30 दाबांना 15 ते 18 सेकंद लागले तर वेग बरोबर आहे.' मिनिटाला 120 धरले तर 30 दाबांना 15 सेकंद लागतात, 100 धरले तर 18. वाचणारा घरी उशीवर, मोबाइलवर सेकंद बघत हे करून बघू शकतो. हालचालीची जागा अशा करून बघण्याच्या सूचनेने भरून निघते.

त्यानंतरच्या स्लाइडवर एक आकडा पळत असतो: 30 दाब, 2 श्वास, पुन्हा 30 दाब, आणि दोन मिनिटं झाली की पडद्यावर 'माणूस बदला' असं चमकतं. हे अ‍ॅनिमेशन कालावधी सांगतंय. ते कागदावर एका आडव्या पट्टीत आणावं. पट्टीची लांबी दोन मिनिटं, तिच्यात पाच मोठे तुकडे '30 दाब' असे, प्रत्येकामागे छोटासा तुकडा '2 श्वास' असा, आणि टोकाला 'दुसऱ्याने दाबायला घ्या'. पट्टीखाली एक ओळ: 'तोंडाने श्वास देण्याचं प्रशिक्षण नसेल तर फक्त दाबत राहा.' हेही प्रशिक्षक तोंडी सांगत होते.

चुकीचं चित्र बरोबर म्हणून छापलं जातं तेव्हा

सगळ्यात जास्त काळजी घ्यावी अशी स्लाइड ही. 'हे असं करू नका' असं दाखवणारा व्हिडिओ असतो: कोपरं वाकलेली, माणूस बाजूला बसून नुसत्या हाताच्या जोराने दाबतोय. पाच सेकंदांनी त्यावर मोठी लाल फुली येते, मग व्हिडिओ बदलतो, बरोबर पद्धत दिसते आणि हिरवी खूण येते. फुली आणि खूण व्हिडिओच्याच आत असतील, तर पहिली फ्रेम छापताना कोपरं वाकवलेला माणूस कुठल्याही फुलीशिवाय कागदावर येतो. त्या दोन्ही पॉवरपॉइंटमध्ये वेगळ्या ठेवलेल्या असतील, तर फुली आणि बरोबरची खूण दोन्ही त्याच चित्रावर छापल्या जातात. वर्गात न आलेल्या माणसाने तो कागद बघितला तर तो चुकीची पद्धत शिकेल.

इथे दोन चित्रं शेजारी ठेवावीत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर शब्दांत लिहावं, 'चूक: कोपरं वाकलेली' आणि 'बरोबर: कोपरं ताठ, खांदे हातांच्या वर'. रंगावर विसंबू नये. हे कागद पुढे झेरॉक्स होतात आणि झेरॉक्समध्ये लाल चौकट आणि हिरवी चौकट दोन्ही करड्या येतात. पॉवरपॉइंटमध्ये `View` मध्ये `Grayscale` निवडलं की काळ्या-पांढऱ्यात काय होईल ते छापण्याआधीच दिसतं. शिवाय चुकीचं चित्र थोडं लहान ठेवावं आणि त्यावर फुली अशी काढावी की ती चित्रातून जाईल, कोपऱ्यात बसणार नाही. कोणी नुसतं तेवढंच चित्र मोबाइलने टिपून पुढे पाठवलं तरी फुली त्याच्यासोबत जायला हवी.

कागदाचं माप आणि अक्षराचं माप

नेहमीची रुंद स्लाइड 33.87 सेंटीमीटर रुंद असते. ए-फोर कागदावर एका पानात दोन स्लाइड छापल्या की एकेक साधारण 15 सेंटीमीटरची होते, म्हणजे 24 पॉइंटचं अक्षर अकराच्याही थोडं खाली येतं. तीन स्लाइड आणि बाजूला रेघा असा `Handouts` चा पर्याय घेतला की स्लाइड आठेक सेंटीमीटरची होते आणि तेच अक्षर सहा पॉइंटच्या आसपास येतं. इंग्रजी एकवेळ वाचता येईल. देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार या मापाला भरून जातात आणि झेरॉक्समध्ये तर नाहीसेच होतात.

म्हणून जिथे माहिती खरंच वापरायची आहे तिथे स्लाइड लहान करून छापण्यापेक्षा कागदासाठी वेगळी फाइल करावी. `Design` मध्ये `Slide Size`, तिथे `Custom Slide Size`, आणि रुंदी 21, उंची 29.7 सेंटीमीटर. यादीत `A4 Paper` असं तयार माप दिसतं, पण ते निवडू नये. ते 27.52 गुणिले 19.05 सेंटीमीटर आहे, खऱ्या ए-फोरपेक्षा लहान. जुन्या फाइलचंच माप बदललं तर सगळं ताणलं किंवा सरकलं जातं, त्यामुळे कोऱ्या उभ्या पानावर हवं ते उचलून आणणं सोपं. इथे लिहिलेले 12 पॉइंट कागदावर जवळपास 12 पॉइंटच येतात, अंदाज बांधावा लागत नाही. आपलं सगळं प्रशिक्षण या रीतीने दोन पानांत बसतं: पहिल्यावर ओळखणं, फोन, हो-नाहीची वाट, दुसऱ्यावर तीन चित्रं, पट्टी आणि चूक-बरोबर.

चित्रांच्या बाबतीत एक हिशेब पुरतो. 1920 बिंदू रुंद व्हिडिओच्या फ्रेममधून हात आणि छातीचा भाग कापून घेतला तर समजा 900 बिंदू उरतात. ते सात-आठ सेंटीमीटर रुंदीला छापले तर इंचाला जवळजवळ 300 बिंदू पडतात, म्हणजे चित्र स्वच्छ येतं. तोच व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असेल तर तो आधीच दाबून लहान झालेला असतो आणि कापलेला भाग चौकोनी ठोकळ्यांसारखा दिसतो. ज्याने चित्रीकरण केलंय त्याच्याकडून मूळ फाइल मागवावी. छापायला दुकानात पीडीएफच न्यावी. पॉवरपॉइंटची फाइल दिली आणि तिथल्या संगणकावर आपला मराठी फॉन्ट नसला की ओळी तुटतात, बाण दुसऱ्याच शब्दाकडे बोट दाखवू लागतात.

पूर्ण व्हिडिओ बघायचा असेल त्याच्यासाठी क्यूआर कोड जरूर छापावा, निदान दोन सेंटीमीटरचा, आजूबाजूला पांढरी जागा सोडून. पण कोणतंही आवश्यक पाऊल फक्त त्या कोडमागे ठेवू नये. केबिनबाहेर माणूस कोसळलेला असताना कोणी कोड स्कॅन करत बसणार नाही.

शेवटी तपासणी. हे दोन कागद वर्गात न आलेल्या एखाद्याला द्यावेत, शक्य असेल तर त्यांची झेरॉक्सच द्यावी, समोर उशी ठेवावी आणि म्हणावं, कागदात लिहिलंय तसं करून दाखवा. आपण मध्ये काहीही बोलायचं नाही. तो "मग पुढे?" असं विचारेल तिथे क्रम निसटलाय. तो हलकेच थोपटल्यासारखं दाबत असेल तर खोली पोचलेली नाही. तो दाबून झाल्यावर प्रत्येक वेळी हात उचलत असेल तर 'छाती वर येऊ द्या' हे कळलंय, पण 'हात तिथेच ठेवा' हे त्या चित्राखाली लिहायचं राहून गेलंय. जिथे त्याने वर मान करून आपल्याकडे बघितलं, त्या जागी पेन्सिलने खूण करावी आणि तेवढाच भाग पुन्हा करावा.